समापन लिलावातील ऑर्डर आणि अधिकृत बंद भावाची नोंद

समापन लिलाव म्हणजे शेअर बाजाराचे दिवसाचे कामकाज संपताना प्रत्येक शेअरसाठी घेतला जाणारा एकच सामायिक लिलाव होय. त्यात जमा झालेल्या सर्व खरेदी-विक्रीच्या ऑर्डर एकाच भावाने जुळवल्या जातात. ज्या बाजारात शेअरची मूळ नोंदणी असते त्या बाजारातील या लिलावाचा भाव हाच सामान्यतः त्या शेअरचा त्या दिवसाचा अधिकृत बंद भाव ठरतो. निर्देशांकांचे दिवसअखेरचे मूल्य आणि म्युच्युअल फंडांचे निव्वळ मालमत्ता मूल्य याच भावावरून काढले जाते. त्यामुळे काही संगणकीय आज्ञावलींना नेमक्या याच भावाने व्यवहार करावा लागतो. अशा आज्ञावलीला दोन कामे बिनचूक करावी लागतात. पहिले, भाव ठरण्यापूर्वी योग्य वेळी योग्य प्रकारची ऑर्डर लिलावात पोहोचवणे. आणि दुसरे, लिलावानंतर जाहीर झालेला अधिकृत भाव इतर भावांशी गल्लत न करता टिपणे. या लेखात ही दोन्ही कामे अमेरिकेतील नॅसडॅक आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज (एनवायएसई) या बाजारांच्या संदर्भात स्पष्ट केली आहेत. लेखातील वेळा न्यूयॉर्कच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे आहेत.

## लिलावाची गरज

दिवसभराच्या अखंड व्यवहारात एकामागून एक सौदे होत असतात. बाजार दुपारी ४ वाजता बंद होत असेल, तर ४ वाजण्यापूर्वीचा अखेरचा सौदा हाच बंद भाव मानावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तो सौदा कदाचित शंभर शेअरचाच असेल, किंवा एखाद्याने शेवटच्या क्षणी घाईने केलेला असेल. इतक्या लहान सौद्यावरून कोट्यवधी डॉलरच्या फंडांचे मूल्य ठरवणे धोक्याचे असते. शिवाय मोठ्या फंडाला त्याच भावाने लाखो शेअर हवे असले, तर ते त्या सौद्यात मिळणे अशक्यच असते.

लिलाव या दोन्ही अडचणी दूर करतो. बंद भावाने व्यवहार करू इच्छिणारे सर्वजण आपल्या ऑर्डर आधी जमा करतात, आणि जास्तीत जास्त शेअर ज्या भावाला हस्तांतरित होतील तो भाव निवडला जातो. नॅसडॅकने अशी पद्धत २००४ मध्ये ‘क्लोजिंग क्रॉस’ या नावाने सुरू केली. एनवायएसईमध्ये समापनाची प्रक्रिया प्रत्येक शेअरसाठी नेमलेल्या बाजारनिर्मात्याच्या देखरेखीखाली पार पडते.

## ऑर्डरचे प्रकार आणि अंतिम वेळा

समापन लिलावासाठी मुख्यतः दोन प्रकारच्या ऑर्डर वापरल्या जातात.

मार्केट-ऑन-क्लोज (एमओसी) ऑर्डरमध्ये भावाची अट नसते. लिलावात जो भाव ठरेल त्या भावाने ती पूर्ण व्हावी, एवढेच ती सांगते. व्यवहार होण्याची खात्री हा तिचा गुण, तर भावावर कोणताही ताबा नसणे ही तिची उणीव होय.

लिमिट-ऑन-क्लोज (एलओसी) ऑर्डरमध्ये मर्यादा दिलेली असते. खरेदीची ऑर्डर १०० डॉलर मर्यादेची असेल आणि लिलावाचा भाव १००.०५ डॉलर ठरला, तर ती पूर्ण न होताच रद्द होते. येथे भावावर ताबा राहतो, पण व्यवहाराची खात्री राहत नाही.

नॅसडॅकमध्ये एमओसी ऑर्डर स्वीकारण्याची मुदत दुपारी ३:५५ ला संपते. एलओसी ऑर्डर त्यानंतरही ३:५८ पर्यंत देता येते. मात्र अशा उशिराच्या ऑर्डरची मर्यादा बाजाराने जाहीर केलेल्या संदर्भ भावाच्या बंधनात राहते. एनवायएसईमध्ये दोन्ही प्रकारांची सर्वसाधारण मुदत ३:५० ला संपते, आणि त्यानंतर मुख्यतः जाहीर झालेला असमतोल कमी करणाऱ्या ऑर्डरनाच वाव असतो. असमतोल म्हणजे खरेदी आणि विक्री यांच्यातील न जुळलेली संख्या. तिची माहिती बाजार ३:५० पासून प्रसृत करू लागतो, म्हणजे विरुद्ध बाजूचे व्यवहारकर्ते पुढे येऊ शकतात.

मुदतीचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. मुदत टळल्यावर नवी ऑर्डर स्वीकारली जात नाही, तशीच दिलेली ऑर्डर मागेही घेता येत नाही. नॅसडॅकमध्ये ३:५० नंतर एमओसी ऑर्डर मनाप्रमाणे रद्द करता येत नाही. खरीखुरी चूक झाली असल्यासच ३:५५ पूर्वी दुरुस्तीची विनंती करता येते, आणि ३:५५ नंतर तोही मार्ग बंद होतो. जाहीर झालेला असमतोल पाहून कोणी ऑर्डर काढून घेऊ लागला, तर इतरांची फसगत होईल, हे या नियमामागचे कारण आहे.

दलालांच्या स्वतःच्या मुदती बाजाराच्या मुदतीपेक्षा बऱ्याचदा अलीकडच्या असतात. म्हणून आज्ञावलीत बाजाराची वेळ लिहून भागत नाही. ज्या दलालामार्फत ऑर्डर जाते त्याची वेळ लिहावी लागते.

दलाल आणि बाजार यांच्यात संदेश पाठवण्यासाठी ‘फिक्स’ ही संकेतप्रणाली सर्रास वापरली जाते. तीत ५०० शेअर बंद भावाने खरेदी करण्याच्या ऑर्डरचा गाभा पुढीलप्रमाणे असतो:

```
35=D | 11=20201218-TSLA-B | 55=TSLA | 54=1 | 38=500 | 40=1 | 59=7
```

यात `54=1` म्हणजे खरेदी, `38` म्हणजे संख्या, `40=1` म्हणजे भावाची अट नाही आणि `59=7` म्हणजे समापनाच्या वेळी. `40=2` करून `44` मध्ये मर्यादा दिली की हीच ऑर्डर एलओसी बनते. `11` हा ऑर्डरचा स्वतःचा क्रमांक आहे. तो येथे दिनांक, शेअर आणि बाजू यांवरून तयार केला आहे, हे मुद्दाम केलेले असते. पोच न आल्यामुळे आज्ञावलीने तोच संदेश पुन्हा पाठवला, तरी तोच क्रमांक पाहून तपासणी करणारी व्यवस्था त्याला दुबार ठरवून परत पाठवू शकते. दर वेळी नवा क्रमांक दिल्यास दोन ऑर्डर लागतात, आणि मुदत टळल्यावर त्यांतली एकही मागे घेता येत नाही.

## भाव कसा ठरतो : एक उदाहरण

एका काल्पनिक शेअरसाठी पुढील ऑर्डर जमा झाल्या आहेत असे मानू. ४ वाजण्यापूर्वीचा अखेरचा सौदा १००.०४ डॉलरला झालेला आहे. प्रत्यक्षात अखंड बाजारातील शिल्लक ऑर्डरही लिलावात सामील होतात. सोयीसाठी त्या येथे वगळल्या आहेत.

- एमओसी खरेदी : ६०,००० शेअर
- एमओसी विक्री : ४०,००० शेअर
- एलओसी खरेदी, मर्यादा १००.१५ : ५,००० शेअर
- एलओसी विक्री, मर्यादा १००.१० : १०,००० शेअर
- एलओसी विक्री, मर्यादा १००.२० : १५,००० शेअर

भाव १००.१० धरला, तर खरेदीदार ६५,००० आणि विक्रेते ५०,००० शेअरचे आहेत. म्हणजे ५०,००० शेअर जुळतात. १००.१५ या भावालाही हीच स्थिती राहते. भाव १००.२० धरला, तर १००.१५ मर्यादेचा खरेदीदार बाहेर पडतो आणि खरेदी ६०,००० उरते. मात्र १५,००० शेअरचा नवा विक्रेता आत येतो आणि विक्री ६५,००० होते. आता ६०,००० शेअर जुळतात. त्याहून वरच्या भावालाही ६०,०००च जुळतात आणि असमतोलही तेवढाच राहतो. परंतु अशा बरोबरीत नॅसडॅकचा पुढील निकष ज्या नोंदलेल्या भावाला काही शेअर न जुळता शिल्लक राहतात तो भाव निवडतो, आणि तो १००.२० आहे.

म्हणून अधिकृत बंद भाव १००.२० डॉलर ठरतो. १००.२० मर्यादेच्या विक्रेत्याचे १५,००० पैकी १०,००० शेअर विकले जातात आणि ५,००० शिल्लक राहतात. एलओसी ऑर्डर अंशतः पूर्ण होऊ शकते, हे आज्ञावलीने गृहीत धरले पाहिजे, ते यासाठी.

लक्षात घेण्याजोगी बाब अशी की अखेरच्या सौद्याचा भाव १००.०४ होता आणि अधिकृत भाव १००.२० झाला. दोघांत १६ सेंटचे अंतर पडले, आणि त्यात कोणाचीही चूक नाही. ४ वाजण्यापूर्वीचे सौदे करणारे लोक वेगळे होते, आणि बंद भावासाठी थांबलेले लोक वेगळे होते.

## भाव कळण्यापूर्वी निर्णय

बंद भावावर व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीची मूळ अडचण येथेच आहे. ज्या भावावर निर्णय घ्यायचा तो भाव निर्णयाच्या वेळी अस्तित्वातच नसतो.

वरच्याच शेअरसाठी नियम असा आहे असे समजू की बंद भाव मागील २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल, तर त्याच बंद भावाने खरेदी करावी. सरासरी १००.१० आहे. आज्ञावली ३:४५ ला जागी होते तेव्हा शेअर १००.०० ला आहे. नियमाप्रमाणे खरेदी होत नाही. चार वाजता अधिकृत भाव १००.२० येतो. जुन्या भावांवर हाच नियम तपासून पाहणारा अभ्यासक आपल्या कागदावर त्या दिवशी १००.२० ला खरेदी झाली असे लिहील, कारण त्याच्यासमोर दिवसअखेरचा भाव आयता आहे. प्रत्यक्षात मात्र ती खरेदी झालेली नसते. सरासरीच्या आसपास भाव घुटमळत असताना असे दिवस वारंवार येतात, आणि कागदावरचा नफा व खात्यातला नफा यांत फरक पडत जातो.

यावर प्रामाणिक उपाय एकच आहे. चाचणीतही निर्णयासाठी ३:४५ चा भाव आणि व्यवहारासाठी अधिकृत बंद भाव, असे दोन वेगळे भाव वापरावे लागतात. प्रत्यक्ष चालणारी आज्ञावलीही रोज या दोन्ही भावांची नोंद ठेवते. त्यामुळे अधिकृत भावाने निर्णय बदलला असता असे दिवस किती, हे पुढे मोजता येते. निर्णयाची वेळ मुदतीच्या जितकी जवळ नेली जाते तितका हा फरक घटतो, पण ऑर्डर वेळेत न पोहोचण्याचा धोका तितकाच वाढतो.

संख्येच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. खात्यात १० लाख डॉलर आहेत आणि ३:४५ ला भाव १०० डॉलर आहे, म्हणून १०,००० शेअरची एमओसी ऑर्डर दिली, भाव १००.२० ठरला, तर खर्च १०,०२,००० डॉलर होतो. दोन हजार डॉलर कमी पडतात. एमओसी ऑर्डरला भावाची मर्यादा नसल्यामुळे अशा ऑर्डरमध्ये रकमेचा काही भाग मोकळा ठेवणे भाग असते. तो किती असावा हे त्या शेअरचा ३:४५ चा भाव आणि बंद भाव यांतील आजवरच्या फरकांवरून ठरते.

## अधिकृत बंद भावाची नोंद

लिलाव झाल्यानंतर आज्ञावलीसमोर ‘बंद भाव’ म्हणवणारे अनेक आकडे येतात. अमेरिकेत एकच शेअर अनेक बाजारांत विकला जातो, आणि सर्व बाजारांचे सौदे एका एकत्रित भावप्रवाहातून प्रसृत होतात. प्रत्येक सौद्यासोबत तो कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणारी संकेताक्षरे असतात. बंद भावाच्या दृष्टीने तीन संकेत महत्त्वाचे आहेत. `6` हा समापन लिलावाच्या प्रत्यक्ष सौद्याचा संकेत आहे. `M` हा संबंधित बाजाराने जाहीर केलेल्या अधिकृत बंद भावाचा संकेत आहे. `T` हा नियमित वेळेबाहेरील सौद्याचा संकेत आहे.

वेळेबाहेरील व्यवहार रात्री ८ वाजेपर्यंत चालू राहू शकतात. एखादी कंपनी ४ वाजून ५ मिनिटांनी तिमाही निकाल जाहीर करते आणि शेअर काही मिनिटांत बराच वर-खाली होतो. ४:१० ला ‘शेवटचा भाव’ विचारणाऱ्या आज्ञावलीला हा भाव मिळतो, बंद भाव नव्हे.

`M` संकेताबाबत दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की हा संकेत केवळ मूळ बाजाराकडूनच येतो असे नाही. इतर बाजारही आपापला बंद भाव याच संकेताने पाठवू शकतात, आणि तो वेगळा असू शकतो. म्हणून शेअरची मूळ नोंदणी कोठे आहे हे पाहूनच तो स्वीकारावा लागतो. दुसरी अशी की `M` हा नवा सौदा नसून भावाची घोषणा आहे. त्यासोबतची संख्या उलाढालीत मिळवली, तर लिलावाची उलाढाल दोनदा मोजली जाते.

```
if cond == "M" and exchange == primary[symbol]:
    official_close[symbol] = price
```

एवढ्या दोन ओळींत कामाचा गाभा येतो. उरतो तो वेळेचा प्रश्न. नॅसडॅकचा लिलाव ४ च्या ठोक्याला होतो, परंतु एनवायएसईमध्ये असमतोल मोठा असल्यास एखाद्या शेअरचे समापन काही मिनिटे लांबू शकते. म्हणून ४:०० ला भाव टिपून बंद होणारी आज्ञावली काही शेअरसाठी अखेरच्या सौद्याचा भाव घेऊन जाते. योग्य पद्धत म्हणजे अधिकृत भाव येईपर्यंत त्या शेअरची जागा रिकामी ठेवणे. रिकामी जागा दिसते आणि तिची चौकशी होते. चुकीचा आकडा मात्र दिसत नाही.

## टेस्ला, १८ डिसेंबर २०२०

या सर्व गोष्टी एकत्र पाहण्यासाठी टेस्ला कंपनीचे उदाहरण उपयुक्त आहे. सोमवार, २१ डिसेंबर २०२० रोजी बाजार उघडण्यापूर्वी तिचा समावेश एस अँड पी ५०० निर्देशांकात होणार होता. त्या निर्देशांकाचे अनुकरण करणाऱ्या फंडांना सोमवारी सकाळी टेस्लाचे शेअर हातात असणे आवश्यक होते. निर्देशांक आपले गणित शुक्रवार, १८ डिसेंबरच्या बंद भावापासून सुरू करणार होता. त्यामुळे फंडाने वेगळ्या भावाने खरेदी केली असती, तर तेवढा फरक निर्देशांकाच्या तुलनेत त्याचा तोटा किंवा नफा म्हणून उघड दिसला असता. शेअर महाग की स्वस्त हा या फंडांपुढचा प्रश्नच नव्हता. अधिकृत बंद भावाने खरेदी होणे हेच उद्दिष्ट होते.

टेस्लाची मूळ नोंदणी नॅसडॅकवर असल्यामुळे ही खरेदी क्लोजिंग क्रॉसकडे वळली. आदल्या दिवशी, गुरुवारी, शेअर ६५५.९० डॉलरला बंद झाला होता. शुक्रवारचा अधिकृत बंद भाव ६९५.०० डॉलर ठरला, म्हणजे एका दिवसात सुमारे ६ टक्के वाढ झाली. गुरुवारच्या भावावर हिशेब करून सगळी रक्कम एमओसी ऑर्डरमध्ये गुंतवणाऱ्या आज्ञावलीला प्रत्येक शेअरमागे ३९ डॉलर १० सेंट कमी पडले असते. उलट, भाव आवरण्यासाठी ६८० डॉलर मर्यादेची एलओसी ऑर्डर देणाऱ्या फंडाला एकही शेअर मिळाला नसता, आणि सोमवारी निर्देशांकातील एका मोठ्या घटकाविना त्याला दिवस सुरू करावा लागला असता.

याच उदाहरणात नोंदीची आणखी एक अडचण दडलेली आहे. आज अनेक भावसंग्रहांत १८ डिसेंबर २०२० चा टेस्लाचा बंद भाव २३१.६७ डॉलर असा दिसतो. तो चुकीचा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये टेस्लाच्या एका शेअरचे तीन शेअर झाले, आणि आलेख अखंड दिसावा म्हणून जुने सर्व भाव तीनने भागले गेले. ६९५ ला तीनने भागल्यास २३१.६७ येतात. हा समायोजित भाव टक्केवारीच्या अभ्यासाला योग्य आहे. परंतु त्या दिवशी फंडाने दिलेली रक्कम पडताळताना तो वापरला, तर खर्च तिपटीने जास्त झाला असे वाटेल. म्हणून आज्ञावलीने टिपलेला मूळ भाव कधीही पुसला जाऊ नये. समायोजित भाव वेगळ्या रकान्यात ठेवावा आणि समायोजन कशामुळे झाले तेही शेजारी नोंदवावे.

## बिघाड आणि ते ओळखण्याची रीत

समापन लिलावात एमओसी ऑर्डर पूर्ण झाली असेल, तर तिचा भाव आणि मूळ बाजाराचा अधिकृत बंद भाव तंतोतंत एकच असला पाहिजे. येथे एका सेंटचाही फरक चालत नाही, आणि त्यामुळेच ही तुलना सर्वांत विश्वासार्ह तपासणी ठरते. फरक आढळल्यास त्याची कारणे मोजकीच असतात. ऑर्डर लिलावात न जाता दलालाने ती ४ च्या सुमारास साध्या ऑर्डरप्रमाणे बाजारात सोडलेली असते. किंवा टिपलेला `M` भाव दुसऱ्या बाजाराचा असतो. किंवा भावसंग्रहाने अखेरचा सौदा बंद भाव म्हणून दिलेला असतो. दहा शेअरपैकी एकाच शेअरमध्ये फरक असेल, तर त्या शेअरची मूळ नोंदणी प्रथम तपासावी. सर्वच शेअरमध्ये फरक असेल, तर ऑर्डर कोणत्या मार्गाने गेली ते पाहावे.

दुसरा बिघाड अर्धवेळ कामकाजाच्या दिवसांचा आहे. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, तसेच वर्षातील अन्य एखाद-दोन दिवशी, अमेरिकी बाजार दुपारी १ वाजता बंद होतो आणि मुदतीही तीन तास अलीकडे येतात. ३:४५ ला जागी होणारी आज्ञावली त्या दिवशी बंद बाजारात ऑर्डर पाठवते. ती परत आली तर चूक लगेच कळते. मात्र काही दलाल अशी ऑर्डर पुढील दिवसासाठी राखून ठेवतात, आणि मग शुक्रवारचा निर्णय सोमवारी अमलात येतो. यावर उपाय म्हणजे जागे होण्याची वेळ घड्याळावर न बांधता बाजाराच्या दिनदर्शिकेतील त्या दिवसाच्या बंद होण्याच्या वेळेपासून मागे मोजणे.

भारतात बसून अशी आज्ञावली चालवणाऱ्यांना घड्याळाचा आणखी एक फेर सांभाळावा लागतो. न्यूयॉर्कचे दुपारचे ४ म्हणजे उन्हाळ्यात भारतातील रात्रीचे १:३० आणि हिवाळ्यात रात्रीचे २:३० होतात. अमेरिकेतील घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाते; भारतीय घड्याळ बदलत नाही. वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिलेली आज्ञावली मार्चमध्ये अचानक एक तास उशिरा पोहोचते. शिवाय भारतात तेव्हा दिनांक बदललेला असतो, म्हणून भावाची नोंदही न्यूयॉर्कच्या दिनांकानेच व्हावी लागते.

तिसरा बिघाड क्वचित घडतो, पण तो आज्ञावलीच्या हाताबाहेरचा असतो. शेअरचे व्यवहार थांबवलेले असल्यास किंवा बाजारातच तांत्रिक अडथळा आल्यास लिलाव होत नाही. २० मार्च २०१७ रोजी एनवायएसई आर्का या बाजारात तांत्रिक अडचणीमुळे तेथे नोंदलेल्या अनेक ईटीएफचे समापन लिलाव नेहमीप्रमाणे पार पडले नाहीत. अशा वेळी अधिकृत बंद भाव बाजाराच्या नियमांतील पर्यायी रीतीने ठरतो. म्हणजे बंद भाव जाहीर झालेला असतो, पण त्या भावाने एमओसी ऑर्डर पूर्ण झालेली नसते. ‘बंद भाव आला, म्हणजे खरेदी झाली’ असे गृहीत धरणारी आज्ञावली आपल्याकडे नसलेले शेअर असल्याचे मानून दुसऱ्या दिवशी विकायला निघते. म्हणून हातातील शेअरची संख्या नेहमी व्यवहार पूर्ण झाल्याच्या संदेशावरून ठरवावी, बंद भावावरून नव्हे.

## भारतातील पद्धत

भारतातील नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि मुंबई शेअर बाजार येथे बंद भाव दीर्घकाळ वेगळ्या रीतीने ठरत आला आहे. दुपारी ३ ते ३:३० या शेवटच्या अर्ध्या तासातील सर्व सौद्यांची, प्रत्येक सौद्यातील शेअरच्या संख्येनुसार भारित सरासरी काढून ती बंद भाव म्हणून जाहीर केली जाते. या रीतीत एखाद्या शेवटच्या सौद्याने भाव हलवणे अवघड असते. परंतु ती सरासरी हा कोणताही प्रत्यक्ष सौदा नसल्यामुळे, नेमक्या त्या भावाने मोठी खरेदी करण्याची खात्री देणारी ऑर्डरही नसते. निर्देशांकाचे अनुकरण करणारे फंड आपली खरेदी त्या अर्ध्या तासात थोडी थोडी विभागून सरासरीच्या जवळ राहण्याचा प्रयत्न करतात. बाजार बंद झाल्यावर ३:४० ते ४ या वेळेत जाहीर झालेल्या बंद भावाने व्यवहार करण्याची सोय आहे. मात्र तेथे समोरच्या बाजूस तितके शेअर उपलब्ध असतील याची हमी नसते. समापन लिलाव भारतातही सुरू करण्याचा प्रस्ताव भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने (सेबी) चर्चेसाठी मांडला, त्याचे कारण हीच उणीव होय.

दोन पद्धतींतील हा भेद आज्ञावलीच्या रचनेतही उतरतो. अमेरिकी पद्धतीत एक ऑर्डर मुदतीपूर्वी पोहोचवणे आणि मूळ बाजाराचा एक आकडा टिपणे पुरेसे असते. सरासरीच्या पद्धतीत मात्र अर्धा तास काम चालते, आणि फंडाला मिळालेला भाव व जाहीर झालेला बंद भाव यांत थोडा फरक राहतोच. तेथे तो फरक शून्य आहे का हे पाहण्याऐवजी तो रोज किती राहतो आणि वाढत तर नाही ना, हे पाहावे लागते.